सीआरपी ६४ वरून ११.८ झाला, मग ॲडमिट कशाला?

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. बाबांना (वय ६१, शुगर नाही) सहा दिवस झाले ताप आहे. रविवारी संध्याकाळी निपाणीत सीआरपी ६४ आला आणि त्याच रात्री सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शनं सुरू झाली. आज मंगळवारी सकाळी बेळगावात सीआरपी ११.८ आणि प्रोकॅल्सिटोनिन ०.३२ आलंय. डेंग्यू, मलेरिया निगेटिव्ह. बाबांना धाप लागते, बीपी ९६/६० आहे. डॉक्टर ॲडमिट करा म्हणतात. मामा म्हणतात, सीआरपी एवढा उतरलाय तर कशाला खर्च? दोन्ही रिपोर्टचे फोटो जोडलेत.

उत्तर:

आजच ॲडमिट करा. धाप आणि ९६ बीपी एवढंच त्याला पुरे आहे, रक्ताचा कुठलाही आकडा त्यापुढे दुय्यम. मी डॉक्टर नाही, बावीस वर्षं लॅबमध्ये काढलेला टेक्निशियन आहे. त्यामुळे औषधाचं डॉक्टरांनीच ठरवावं, मी रिपोर्टबद्दल बोलतो.

मामांना तुझे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखव. निपाणीच्या रिपोर्टवर ६४ च्या पुढे `mg/L` लिहिलंय, बेळगावच्या रिपोर्टवर ११.८ च्या पुढे `mg/dL`. पहिलं एका लिटरमागे, दुसरं लिटरच्या दहाव्या भागामागे. म्हणजे तुलना करायची तर ११.८ ला दहानं गुणायचं, ११८ येतात. सीआरपी उतरलेला नाही, ६४ चा ११८ झालाय. चूक कुठल्याच लॅबची नाही, दोन मशिनं दोन एककांत आकडा देतात एवढंच. पण या एका अक्षरापायी पेशंटला घरी नेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या रकान्यातली नॉर्मलची मर्यादा बघितली तरी कळतं: एकीकडे ५ पर्यंत छापलंय, दुसरीकडे ०.५ पर्यंत.

आता ११८ बघून घाबरू पण नकोस. सीआरपी यकृतात बनतं. शरीरात कुठे दाह सुरू झाला की सहा-आठ तासांत ते रक्तात वाढायला लागतं आणि दीड-दोन दिवसांनी शिखर गाठतं. नवीन बनणं पूर्ण थांबलं तर साधारण १९ तासांत निम्मं होतं, पण औषध लागू पडलं तरी यकृत लगेच काम थांबवत नाही. पहिलं इंजेक्शन रविवारी रात्री, दुसरा नमुना मंगळवारी सकाळी, मध्ये जेमतेम ३६ तास. एवढ्या वेळात सीआरपी चढलेलाच दिसला म्हणून औषध फेल गेलं असं म्हणता येत नाही, आणि लागू पडलं असंही नाही. खरा निकाल गुरुवारी सकाळचा. तेव्हा ११८ चा ६० च्या आसपास किंवा खाली आला तर गाडी रुळावर आहे. तिथेच अडकला किंवा वर गेला, तर तीन शंका घ्यायच्या: जंतू वेगळा आहे, औषध त्याच्यावर चालत नाही, किंवा कुठेतरी पू साचलाय जिथे औषध पोचत नाही. गुरुवारचा नमुना बेळगावच्या त्याच लॅबला द्या.

एक विचारायचं राहिलं. गावातल्या दवाखान्यात ताप उतरायला सुई दिली होती का, आणि तीत डेक्सा होतं का? हे स्टिरॉइड आहे. ताप आणि सीआरपी दोन्ही दाबतं, जंतूला मात्र काही करत नाही. दिलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

प्रोकॅल्सिटोनिनचं ०.३२ हे जास्त फसवं आहे. हा पदार्थ जिवाणूंच्या संसर्गात लवकर, तीन-चार तासांतच चढायला लागतो. व्हायरल तापात सहसा फारसा चढत नाही, म्हणून डॉक्टर तो मागवतात. फुप्फुसाच्या संसर्गात `ng/mL` मध्ये ०.२५ च्या खाली असेल तर जिवाणूची शक्यता कमी, ०.५ च्या वर असेल तर जास्त, असं ढोबळ मानतात. बाबांचा आकडा बरोबर मधल्या पट्ट्यात. पण तो कधी घेतला ते बघ: ३६ तास अँटिबायोटिक चालल्यावर. प्रोकॅल्सिटोनिन साधारण एका दिवसात निम्मं होतं. औषधानं रविवारी रात्रीच जंतूला आवरलं असं धरलं, तर उलटा हिशोब करून रविवारचा आकडा ०.९ च्या आसपास निघतो. आवरलं नसेल तर तो ०.३ च्या आसपास किंवा त्याहून कमी असेल. रविवारी नमुना घेतलाच नाही, त्यामुळे यातलं खरं कुठलं ते आता कुणीच सांगू शकत नाही. म्हणूनच या एका आकड्यावर अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवत नाहीत. तो खरा उपयोगी पडतो तो औषध थांबवताना: पेशंट सुधारतोय आणि शिखरापासून आकडा ८० टक्के उतरला किंवा ०.५ च्या खाली आला, तर डॉक्टर बंद करण्याचा विचार करतात. बाबांचा आधीच ०.५ च्या खाली आहे, पण धाप आणि बीपी असं असताना तो नियम इथे लावायचा नाही.

आणि कमी प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे जंतू नाही, असंही नव्हे. माझ्या मावशीला मधुमेह. पायाला जखम झाली, ती वरून सुकल्यासारखी दिसायची. प्रोकॅल्सिटोनिन ०.०८, म्हणून एका ठिकाणी ‘इन्फेक्शन नाही’ सांगून परत पाठवलं. सीआरपी मात्र ९० होता. तिसऱ्या आठवड्यात एक्सरे काढला तर अंगठ्याचं हाड कुरतडलेलं. संसर्ग एका जागी कोंडलेला असला, रक्तात पसरलेला नसला, की प्रोकॅल्सिटोनिन गप्प बसतं. टीबीतही बऱ्याचदा तसंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे दोन्ही आकडे जंतूचं नाव सांगत नाहीत. आपल्याकडे पावसाळा सरताना, बांधावरचं गवत कापणाऱ्या, झुडपांत शिरणाऱ्या माणसाला असा ताप आला की स्क्रब टायफसचा विचार व्हायलाच हवा. बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यानं तो होतो. त्यात सीआरपी चढतो, प्रोकॅल्सिटोनिनही चढू शकतं, म्हणजे दोन्ही रिपोर्ट ‘जिवाणू आहे’ म्हणतील, आणि ते बरोबरही असेल. पण सेफ्ट्रिॲक्सोन त्याच्यावर चालत नाही, त्याला डॉक्सीसायक्लिन लागतं. आकडा बरोबर, औषध चुकीचं, आणि पेशंटची धाप वाढत जाते. शेतात वावरणाऱ्यांत उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोही असाच येतो.

तेव्हा आता बाबांचे कपडे सैल करून नीट बघ: काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीच्या रेषेवर, मानेमागे केसांखाली. सिगरेटनं चटका दिल्यासारखा काळा, खपली धरलेला, न दुखणारा डाग शोधायचा. दुखत नाही म्हणून पेशंट स्वतः कधीच सांगत नाही. सापडला तर मोबाईलवर फोटो काढ आणि भरती करताना डॉक्टरांच्या हातात दे. नाही सापडला तरी बाबा शेतात गवत कापत होते का ते सांगून ‘स्क्रब आणि लेप्टोची तपासणी करायची का?’ एवढं विचार. स्क्रबची आयजीएम टेस्ट पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय पक्का असला तर बरेच डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू करतात.

भरतीच्या वेळी दोन्ही रिपोर्ट मूळ कागदासकट ने, फोनवर आकडे वाचून दाखवू नकोस. आणि दर सहा तासांनी लघवी किती झाली, बोलणं भरकटतंय का, एका मिनिटात श्वास किती, हे वहीत लिहून ठेव. गुरुवारचा सीआरपी आला की इथे टाक, एककासकट.