गोदामातले सीएफएल आणि ढोबळ नफ्याचा दर

*मॅडम, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर एका सीएंच्या ऑफिसात काम करते. इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानाचा अखेरचा साठा काढताना मी एकूण खरेदी किंमत आणि एकूण एनआरव्ही यांची तुलना करून कमी असलेली रक्कम घेतली. सरांनी 'आयटमवाइज कर' एवढंच म्हणून कागद परत दिला. आग लागल्यावर साठ्याचा अंदाज काढायच्या गणितातही माझं उत्तर दर वेळी थोडं चुकतं आणि कुठे चुकलं ते सापडत नाही. मला ऑडिटमध्ये जायचंय. हे जमत नसेल तर दुसरा मार्ग बघू का?*
*– एक विद्यार्थिनी, सांगली*

दुसरा मार्ग बघू नकोस. तुझ्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: चालणारा माल आणि अडकलेला माल तू एकाच बेरजेत घेतेस. पहिल्या गणितात त्यामुळे तोटा झाकला जातो, दुसऱ्यात नफ्याचा दर बिघडतो. एकाच दुकानाचे आकडे घेऊन दोन्ही गणितं सोडवून दाखवते, म्हणजे सरांनी कागद का परत दिला तेही कळेल.

समज, ३१ मार्चला दुकानात चार प्रकारचा माल आहे. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून किंमत जीएसटी वगळून धरू. सिलिंग फॅन ६०, खरेदी १,८०० रुपये दराने १,०८,०००. मिक्सर २०, दर २,५००, म्हणजे ५०,०००. गीझर १०, दर ५,४००, म्हणजे ५४,०००. आणि मागच्या फळीवर सीएफएल दिवे ४००, दर १२०, म्हणजे ४८,०००. एकूण खरेदी किंमत २,६०,०००.

आता एनआरव्ही, म्हणजे नेट रिअलायझेबल व्हॅल्यू. नेहमीच्या धंद्यात माल कितीला विकला जाईल त्याचा अंदाज घ्यायचा आणि विकण्यासाठी येणारा खर्च त्यातून वजा करायचा. फॅन २,४५० ला जातो, पोचवायला ५० लागतात, म्हणून २,४००. साठ फॅनचे १,४४,०००. मिक्सर दुकानातूनच उचलला जातो, २,९०० प्रमाणे ५८,०००. गीझरचं मॉडेल जुनं झालंय. तो ५,००० ला निघेल, पण पोचवायला आणि बसवून द्यायला २०० खर्च आहे, म्हणून ४,८०० प्रमाणे ४८,०००. एलईडी आल्यापासून सीएफएल कोणी मागत नाही. एक छोटा व्यापारी ५० रुपयांना घेतो, दलाली ५, म्हणून ४५ प्रमाणे १८,०००. एकूण एनआरव्ही २,६८,०००.

तू इथे थांबलीस. २,६०,००० आणि २,६८,००० यांत कमी २,६०,०००, म्हणून साठा २,६०,०००. ताळेबंद बघणाऱ्याला वाटेल की दुकानात सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात सीएफएलमध्ये ३०,००० आणि गीझरमध्ये ६,००० बुडालेले आहेत. ते दिसत नाहीत, कारण फॅनवर जो ३६,००० आणि मिक्सरवर जो ८,००० नफा *होईल*, तो तू तोट्याच्या अंगावर पांघरलास. फॅन अजून विकलेले नाहीत. त्यांचा नफा विकल्याच्या दिवशी येईल. सीएफएलचा तोटा मात्र आज झालेला आहे. म्हणून फॅन १,०८,०००, मिक्सर ५०,०००, गीझर ४८,००० आणि सीएफएल १८,०००, असा साठा २,२४,०००. अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्ये तुलना आयटमवार करायला सांगितली आहे ती याचसाठी. एकाच कंपनीच्या एकाच फॅनचे तीन रंग असतील तर ते एकत्र धरता येतात, कारण त्यांची किंमत आणि गिऱ्हाईक एकच आहे. पण 'सगळं इलेक्ट्रिकल सामान' हा गट चालत नाही.

इथे बरेच जण आणखी एका ठिकाणी घसरतात. समज, मार्चअखेर तोच फॅन होलसेलमध्ये १,६०० ला मिळायला लागला. म्हणून साठ्यातला फॅन १,६०० ला घ्यायचा का? नाही. दुकानात तो अजून २,४५० लाच विकला जातोय, तेव्हा १,८०० पूर्ण वसूल होणार आहेत. आपल्याला हवी आहे विकून हातात येणारी रक्कम, आज परत घ्यायला लागणारी नव्हे. आणि ही रक्कम मालकाला विचारून ठरवू नकोस. मालक आपल्या मालाबद्दल नेहमी आशावादी असतो. एप्रिलची विक्रीबिलं उघड. मार्चमधला सीएफएल एप्रिलमध्ये खरोखर कितीला गेला, हा त्या दिवशीच्या किमतीचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. बिलच नसेल, म्हणजे महिनाभरात एकही दिवा गेला नसेल, तर तोही पुरावाच आहे.

आता आगीचं गणित. पुढच्या वर्षी १२ ऑक्टोबरला गोदामात शॉर्टसर्किट झालं. माल जळाला, पण हिशेब संगणकावर असल्यामुळे वाचले. माल मोजता येत नाही, म्हणून ढोबळ नफ्याच्या दरावरून मागे जायचं. आरंभीच्या साठ्यात खरेदी मिळवायची आणि विकलेल्या मालाची किंमत वजा करायची. उरेल तो त्या दिवशीचा साठा. विकलेल्या मालाची किंमत थेट माहीत नसते. विक्रीतून नेहमीच्या दराने नफा वजा केला की ती मिळते.

तो दर मागच्या वर्षावरून काढू. मागच्या वर्षी विक्री २०,००,०००, आरंभीचा साठा २,४०,०००, खरेदी १६,२०,०००. अखेरचा साठा पुस्तकात २,२४,०००. तो तसाच घेतलास तर विकलेल्या मालाची किंमत १६,३६,००० येते, नफा ३,६४,००० आणि दर १८.२ टक्के. बहुतेक विद्यार्थी हाच दर पुढे नेतात. पण त्या ३,६४,००० मध्ये सीएफएल आणि गीझरचे ३६,००० वजा झालेले आहेत. तो किंमत घटल्याचा तोटा आहे, फॅन-मिक्सर विकताना दुकानदार किती टक्के नफा लावतो याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून दर काढण्यापुरता अखेरचा साठा मूळ खरेदी किमतीला, २,६०,००० ला, परत न्यायचा. मग विकलेल्या मालाची किंमत १६,००,०००, नफा ४,००,००० आणि दर विक्रीच्या २० टक्के. हा खरा दर.

पुढची पायरी म्हणजे चालू वर्षाचे दोन रकाने पाडायचे. १ एप्रिल ते १२ ऑक्टोबर खरेदी ९,००,०००, सगळी नेहमीच्या मालाची. विक्री १०,५५,०००. बिलं चाळल्यावर दिसतं की त्यात दहाही गीझर ५,००० प्रमाणे ५०,००० ला आणि शंभर सीएफएल ५० प्रमाणे ५,००० ला गेलेत. हे ५५,००० बाजूला काढले की नेहमीच्या मालाची विक्री १०,००,०००. त्यात २० टक्के नफा, म्हणून विकलेल्या मालाची किंमत ८,००,०००. आरंभीचा नेहमीचा साठा फॅन आणि मिक्सर मिळून १,५८,०००. त्यात ९,००,००० मिळवून ८,००,००० वजा केले की २,५८,००० उरतात. उरलेले तीनशे सीएफएल ४५ प्रमाणे १३,५००, त्यांना नफ्याचा दर लावायचाच नाही. एकूण साठा २,७१,५००.

आता बघ, तुझं उत्तर 'थोडं' का चुकतं. दोन्ही माल एकत्र ठेवून १८.२ टक्के दर लावला तर साठा २,६१,०१० येतो, म्हणजे १०,४९० कमी. दुकानदाराचं नुकसान. दर बरोबर २० टक्के घेतला, पण विक्रीतून ५५,००० वेगळे काढले नाहीत, तर साठा २,८०,००० येतो, म्हणजे ८,५०० जास्त. विम्याचा सर्व्हेअर हा जादा आकडा दाव्यातून कापेल. दर दुरुस्त करणं आणि रकाने पाडणं, ही दोन्ही कामं लागतात. एक करून दुसरं सोडलं की चूक फक्त दिशा बदलते.

विक्रीचा आकडा घेताना जीएसटी आणि परत आलेला माल वगळलाय ना, हे तपासायची सवय लाव. मालकाने घरी नेलेला मिक्सर खरेदीतून वजा कर. बिल आलं पण माल अजून ट्रान्सपोर्टकडेच आहे, असंही असतं. तो माल जळलेला नाही. आणि मालक 'मी पंचवीस टक्के लावतो' म्हणाला तर कशावर ते विचार. खरेदीवर पंचवीस टक्के म्हणजे विक्रीवर वीसच.

या पद्धतीची मर्यादाही ओळखून ठेव. सहा महिने नफ्याचा दर तसाच राहिला, हे तिचं गृहीतक आहे. मधे सेल लावला असेल, तर त्या दिवसांची विक्री वेगळी काढून तिला वेगळा दर लावावा लागेल. आणि गोदामातून माल चोरीला गेला असेल तर ही पद्धत तो माल साठ्यात धरते, कारण त्याची विक्री पुस्तकात नाही. आगीच्या दाव्यात ही उणीव आहे. ऑडिटमध्ये मात्र तीच कामाला येते. ज्या दुकानात आग लागलेली नाही तिथे हाच अंदाज काढ आणि मोजलेल्या साठ्याशी ताडून बघ. मोजलेला साठा बराच कमी आला, तर चोरी, बिलाशिवाय विक्री किंवा मोजणीतली चूक, यातलं काहीतरी असतं. वर्षअखेरची मोजणी टाळायला मात्र हा अंदाज वापरता येत नाही. आणि त्यातून येते ती खरेदी किंमत. त्यातला कोणता आयटम अडकलाय ते फळीजवळ जाऊनच कळतं.

आता तुझा प्रश्न. बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाले तर फाउंडेशन न देता थेट सीए इंटरला प्रवेश मिळतो, आणि पुढे दोन वर्षांची आर्टिकलशिप. ऑडिटमध्येच जायचं असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. सीए लांबचं वाटत असेल, तर बँकांच्या कॅश क्रेडिट खात्यांचं स्टॉक ऑडिट करणाऱ्या फर्म आणि विमा सर्व्हेअरची ऑफिसं या दोन ठिकाणी आज केलेल्या या दोन गणितांचंच काम रोज असतं. सर्व्हेअर व्हायला विमा नियामक इरडाईचा परवाना लागतो, पण त्यांच्याकडे साहाय्यक म्हणून शिकायला आधी सुरुवात करता येते.

तोपर्यंत एक कर. सरांना सांगून येत्या ३१ मार्चच्या मोजणीला स्वतः जा. यादीत माल, नग आणि दर यांच्या पुढे आणखी एक रकाना आख: शेवटची विक्री कधी झाली. ज्या ओळीत तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी निघेल, त्या ओळीची एनआरव्ही आधी काढ.