बोअरचं जड पाणी आणि मुतखडा: दूध बंद करण्याआधी

"बोअरचं पाणी खूप जड आहे, गिझरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो. मिस्टरांना दुसऱ्यांदा मुतखडा झालाय. दूध-दही बंद करायला सांगितलंय. सॉफ्टनर बसवू की आरओ?"

ताई, 'दूध-दही बंद' हे वाचलं आणि राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, पण सोलापूर भागात जड पाण्यावरच आयुष्य गेलंय आणि खड्याच्या कळाही सोसल्यात.

आधी तो पांढरा थर. कॉईलवरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यावर व्हिनेगर ओता, फसफसून विरघळतो. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते व्हिनेगरमध्ये ढिम्म हलत नाहीत. म्हणजे कॉईलवर जमतं तेच किडनीत जमतं, हे खरं नाही.

ऑक्झलेट येतं पालक, चुका, राजगिरा, शेंगदाणे, काजू अशा गोष्टींतून, आणि थोडं शरीरही बनवतं. जेवणात कॅल्शियम असेल तर ते आतड्यातच ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम कमी पडलं की मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. इटलीत लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांवर ५ वर्षं अभ्यास झाला, तो २००२ साली छापून आला. कमी कॅल्शियमचा आहार घेणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांनाच झाला.

आता पाणी. समजा रिपोर्टमध्ये एकूण कठीणपणा लिटरला ६०० मिलिग्रॅम आलाय, म्हणजे भारतीय मानकाची शेवटची मर्यादा. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात असतो, म्हणून त्यात अर्धा वाटा कॅल्शियमचा धरला तर नुसतं कॅल्शियम लिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम भरतं. तीन लिटर प्यायलं की ३६०, म्हणजे मोठ्या पेलाभर दुधापेक्षा थोडं जास्त. अशा पाण्याने लघवीतलं कॅल्शियम थोडं वाढतं, हे खरं. पण सोबत मॅग्नेशियम आणि सायट्रेटही वाढतं आणि ही दोन्ही खडा बनू देत नाहीत. अमेरिकेत खडे झालेल्या रुग्णांच्या लघव्या तपासल्या तेव्हा हेच दिसलं. जड पाणी पिणाऱ्यांना खडे जास्त वेळा झालेले नव्हते. म्हणून माझं मत: जेवताना प्यायलेलं जड पाणी थोडं उपयोगीच पडतं. उपाशीपोटी प्यायलं तर त्या कॅल्शियमला धरायला ऑक्झलेट नसतं, तिथे फायदा उरत नाही. ज्यांच्या लघवीतून मुळातच कॅल्शियम जास्त जातं त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

प्यायच्या पाण्याला सॉफ्टनर मात्र अजिबात नको. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून बदल्यात सोडियम सोडतो. वरच्याच पाण्यात लिटरला साधारण २७५ मिलिग्रॅम सोडियम येईल. तीन लिटरला दोन ग्रॅम मीठ खाल्ल्यासारखं. आणि सोडियम लघवीतून जाताना कॅल्शियमही ओढून नेतं. सॉफ्टनर गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाईनवर लावा, स्वयंपाकघराचा नळ वेगळा ठेवा. आरओ घ्यायचा तर नायट्रेट, फ्लोराईड जास्त निघालं म्हणून घ्या, खड्याच्या भीतीने नको. आणि टीडीएस मीटरच्या आकड्यावर जाऊ नका, त्यातून कठीणपणा कळत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वेगवेगळं मागा.

जड पाण्याचा खरा तोटा मला चवीत दिसतो. मचूळ लागतं म्हणून माणूस कमी पितो, लघवी घट्ट होते आणि तिथे खडा धरतो. मिस्टरांना एक दिवस बाटलीत लघवी मोजायला सांगा; चोवीस तासांत अडीच लिटर भरायला हवी. शेतात उन्हात काम असेल तर त्यासाठी प्यावं लागेल बरंच जास्त. चव सहन होत नसेल तर लिंबू पिळा, त्यातून सायट्रेटही मिळतं. साखर-मीठ घालू नका.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो ज्या दवाखान्यात माझा पहिला खडा काढला त्यांच्यावर. तुकडे तपासायला पाठवलेच नाहीत. मागितले तर "सगळे सारखेच असतात" म्हणाले. हातात छापील कागद दिला: दूध, दही, ताक, पनीर बंद, बोअरचं पाणी बंद. मिठाबद्दल एक ओळ नाही! लोणचं-पापड चालूच राहिले, ताक गेलं, आणि पुढे दुसरा खडा झाला. त्या कागदामुळेच झाला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण दुसऱ्या ठिकाणी खडा तपासला तेव्हा तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला आणि नव्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ताक पुन्हा सुरू करायला लावलं, जेवणासोबतच.

सगळे खडे सारखे नसतात, ताई. युरिक ॲसिडच्या खड्याला किंवा जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या खड्याला उपाय वेगळे, तिथे वरचं गणित लागू नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर इतकं पाणीही विचारूनच. म्हणून या वेळी खडा पडला तर गाळणीत धरा, कोरड्या डबीत ठेवा आणि तपासणीला द्या. सोबत चोवीस तासांच्या लघवीची तपासणी मागा, त्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, सोडियम चारही हवेत. ती करताना मिस्टरांनी रोजचंच खावं-प्यावं, बोअरच्या पाण्यासकट.