नॅसवरून फाइल कॉपी खूप हळू होते. दोष नेटवर्कचा की डिस्कचा, कसं ओळखायचं?

`iperf3` चालवून बघा. तो डेटा रॅममधून रॅममध्ये पाठवतो, डिस्कला हातच लावत नाही, म्हणून आकडा निव्वळ नेटवर्कचा मिळतो. पहिली कमांड नॅसवर द्या, दुसरी कॉम्प्युटरवर (आयपी तुमच्या नॅसचा टाका):

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.20 -R
```

`-R` विसरू नका, त्यानेच नॅसकडून तुमच्याकडे येणारा वेग मोजला जातो. गिगाबिटवर `940 Mbits/sec` च्या आसपास आलं तर नेटवर्क ठणठणीत आहे. तरीही कॉपी सेकंदाला ३० एमबीवर रखडत असेल तर डिस्क तपासा. `94` आलं तर लिंक १०० मेगाबिटवर अडकली आहे, आधी केबल बदला. मात्र कॉपी एका मोठ्या फाइलनेच करून बघा. हजारो छोट्या फाइलींना नेटवर्क आणि डिस्क दोन्ही धड असूनही वेळ लागतो.