तक्रारपत्रातले ‘आपण’: इंडोनेशियनमध्ये ‘कामी’, ‘किता’ की ‘बापाक’?

प्रश्न: सुराबायाच्या व्यापाऱ्याकडून जायफळ मागवले होते. त्यातल्या ५० किलोंच्या ४० पोत्यांत बुरशी निघाली. मराठीत रीतसर तक्रारपत्र लिहून त्याचे इंडोनेशियन भाषांतर करून घेतले, तर ‘आपण’च्या जागी सगळीकडे ‘किता’ आले आहे आणि ‘सदर प्रकार’चे ‘पर्कारा’ झाले आहे. हे बरोबर आहे का? पत्र कडक हवे, पण संबंध तुटायला नकोत.

उत्तर: नाही. हे पत्र असेच पाठवू नका. ‘किता’मुळे तुमची तक्रार तुमच्याच अंगावर येते आहे.

मराठी ‘आपण’ दोन कामे करते. ‘आपण पाठवलेला माल’ यात ते समोरच्याला मान देणारे ‘तुम्ही’ आहे. ‘आपण मिळून मार्ग काढू’ यात ते बोलणारा आणि ऐकणारा दोघांना कवेत घेते. इंडोनेशियन ‘किता’ फक्त हे दुसरे काम करते. त्यामुळे ‘बारांग यांग किता किरिमकान’ याचा अर्थ होतो ‘तुम्ही-आम्ही मिळून पाठवलेला माल’. बुरशी लागलेला माल पाठवण्यात तुम्हीही सामील होतात, असे पत्रच सांगू लागते.

खरे तर मराठी माणसाला हे सोपे जायला हवे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला जो फरक आपण लहानपणापासून पाळतो, तोच इंडोनेशियनमध्ये ‘कामी’ आणि ‘किता’ यांत आहे. ‘कामी’ म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. ‘किता’ म्हणजे आपण, तुम्ही धरून. इंग्रजीत आणि हिंदीत दोन्हींना एकच शब्द आहे. मजकूर मराठीतून थेट न जाता यांपैकी एखाद्या भाषेच्या वाटेने गेला, तर ही जोडी वाटेतच गळून पडते आणि पुढचा भाषांतरकार अंदाजाने काहीतरी निवडतो. म्हणून मराठी मसुदा देण्यापूर्वीच त्यातल्या प्रत्येक ‘आपण’वर पेन्सिल ठेवा. जिथे ‘तुम्ही’ घालून वाक्य टिकते, तिथे तसे लिहून द्या. जिथे ‘तुम्ही-आम्ही’ हवे, तिथे तेही स्पष्ट लिहा. ‘आपले’, ‘आपल्याला’ यांनाही हीच चाळणी लावा.

मग मानाच्या ‘तुम्ही’ला काय म्हणायचे? ‘आन्दा’ हा शब्द १९५७ साली मुद्दाम रूढ केला गेला, कोणालाही चालावा म्हणून. जाहिराती, सूचना, अर्ज यांत तो शोभतो. ओळखीच्या व्यापाऱ्याला लिहिताना मात्र तो कोरडा पडतो. ‘साउदारा’ हा आपल्या ‘सोदर’चाच वंशज, पण पत्रात तो बरोबरीच्या किंवा हाताखालच्या माणसाला उद्देशून वाटतो, आणि तक्रारपत्रात तर आणखी थंड. पुरुषाला ‘बापाक’ आणि स्त्रीला ‘इबू’ हेच योग्य. शब्दशः ते वडील आणि आई, पण वापरात आपल्या ‘साहेब’ आणि ‘बाई’सारखे. वाक्याच्या मधोमधही त्यांचे पहिले अक्षर मोठे लिहितात, तेवढे तपासून घ्या.

म्हणजे ‘आपण पाठवलेला माल’चे ‘बारांग यांग बापाक किरिमकान’ होईल. हे शुद्ध आहे, पण मी ते तुमच्या पत्रात ठेवणार नाही, कारण तक्रारीच्या पहिल्याच वाक्यात बोट माणसाकडे रोखले जाते. तिथल्या व्यापारी पत्रांची रीत अशी की, दोष मालापाशी ठेवायचा: ‘बारांग यांग कामी तरिमा’, म्हणजे ‘आम्हाला मिळालेला माल’. त्यापुढे तुमचे ‘आढळले’ येते. त्यासाठी ‘तर्न्याता’ हा नेमका शब्द आहे, म्हणजे ‘पाहतो तर असे निघाले’. पूर्ण वाक्य असे: ‘सतलाह कामी परिक्सा, तर्न्याता ४० कारुंग बर्जामूर.’ आम्ही तपासल्यावर ४० पोत्यांत बुरशी निघाली. यात आरोप नाही, पण सुटायला जागाही नाही. खाली ओलाव्याचा, म्हणजे ‘कादार आइर’चा, तपासणी अहवाल आणि फोटो जोडले की कडकपणा त्यातूनच येतो.

आता ‘पर्कारा’. हा शब्द आपल्या ‘प्रकार’वरूनच तिकडे गेला. ‘बाब’ असाही त्याचा अर्थ आहे, पण तक्रारपत्रात तो वाचला की मनात येतो तो कोर्टातला खटला. ‘सदर प्रकाराबाबत’ म्हणताना तुम्हाला दावा ठोकायचा नव्हता, म्हणून साधे ‘हाल इनी’ लिहा, म्हणजे ‘ही बाब’. असाच घोळ ‘पुढील कारवाई’त आहे. मराठीत त्यात पाठपुरावाही येतो आणि कायद्याचा इशाराही. इंडोनेशियनमध्ये ‘तिंदाक लांजुत’ हा पाठपुरावा आणि ‘तिंदाकान हुकूम’ ही कायदेशीर कारवाई. पहिल्या पत्रात पाठपुरावाच पुरे.

मागणीचे वाक्य सर्वांत जपून लिहायला हवे. ‘त्वरित माल बदलून द्यावा’ यातल्या ‘-आवा’ला ‘हारुस’ लावले, तर ते ‘द्यायलाच हवा’ असे हुकमासारखे वाजते. ‘कामी मोहोन’ म्हणजे ‘आम्ही विनंती करतो’, आणि त्याने मागणी कमकुवत होत नाही. ‘सगरा’ हा ‘शीघ्र’चाच भाऊ, पण ‘लवकर’ला मुदत नसते. त्यापेक्षा ‘पालिंग लांबात’, म्हणजे उशिरात उशिरा, असे म्हणून तारीख घाला. बदली माल हवा असेल तर ‘पङ्गांतियान’, नुकसानभरपाई हवी असेल तर ‘गांती रूगी’. दोन्हींपैकी एकच मागा, नाहीतर उत्तरात सोयीचे तेवढे उचलले जाईल.

‘किता’ला पत्रात एक हक्काची जागा आहे, ती शेवटी. ‘आपले व्यापारी सहकार्य असेच राहो’ इथे ‘कर्जा सामा किता’ असेच हवे. इथे ‘कामी’ घातले, तर सहकार्यातून त्यांनाच वगळल्यासारखे होईल. म्हणून भाषांतर हाती आले की आधी ‘किता’ कुठे कुठे आहे ते शोधा. शेवटच्या परिच्छेदाबाहेर दिसला, तर तो बहुधा चुकलेलाच असतो. आभाराच्या ओळीत ‘पर्हातियान्न्या’ असे सर्रास लिहितात, पण त्यातला ‘-न्या’ तिसऱ्या माणसाचा आहे, म्हणजे ‘त्यांच्या लक्ष देण्याबद्दल’. ‘पर्हातियान बापाक’ लिहा.

आकडे मात्र शब्दांपेक्षाही घात करतात. इंडोनेशियात हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, आपल्या नेमके उलट. तुमची ५० किलोंची ४० पोती म्हणजे २,००० किलो. ते तिथे असेच वाचले, तर सरळ दोन किलो होतात. तिथे २.००० लिहायचे, आणि ओलावा १३.५ टक्के असेल तर १३,५. रकमेत ‘लाख’ चालत नाही. ‘लाक्सा’ हा ‘लक्ष’वरून गेलेला जुना शब्द तिथे दहा हजार दाखवतो, म्हणून सगळे शून्य लिहून काढा. आणि ‘रु.’ एवढेच लिहू नका. तिथले चलन रुपिया, तेव्हा ‘भारतीय रुपये’ किंवा करारात ठरलेले चलन पूर्ण नावाने घाला.