ड्रायर फिरतो, पण कपडे ओलसरच

हवा तापवणारी कॉइल बदलायची घाई करू नकोस. आधी लिंटची, म्हणजे कपड्यांचे सुटे तंतू अडवणारी जाळी काढून तिच्यावर नळाचं पाणी सोड. पाणी वर साचलं तर फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसलाय. साबण आणि मऊ ब्रशने धू, पूर्ण वाळू दे.

मग खिडकी उघडून, दमट हवा बाहेर नेणारा मागचा पाइप काढून थोडेच कपडे फिरव. नीट वाळले तर दोष पाइपचाच. आपल्या मुंबईच्या फ्लॅटमध्ये मशीन भिंतीला रेटलं की तो चेपतो, नाहीतर बाहेरच्या तोंडात कबुतरं काड्या भरतात.

तरीही हवा जोरात पण कोमटच आली, तर कॉइल बघायची. काही मशीनमध्ये दोन असतात; एक तुटली तरी दुसरी थोडी ऊब देत राहते. ती तपासणी मेकॅनिककडूनच, प्लग काढून.