ऑडिओग्राम नॉर्मल, तरी सारखं 'काय? काय?'

प्रश्न: मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत, इंग्रजी माध्यम, घरी मराठी. ऑडिओग्राम नॉर्मल आला, तरी सारखं 'काय? काय?' करतो. वर्गातल्या सूचना अर्ध्याच पोचतात. एका केंद्राने 'ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' सांगून हेडफोनच्या ४० सत्रांचं पॅकेज दिलंय. डायकॉटिक डिजिट्समध्ये उजवा कान ८५ टक्के, डावा ६२.५, डाव्याची मर्यादा ६५ लिहिली आहे. पैसे भरू का?

उत्तर:

ताई, इतक्यात भरू नका. मुलाला त्रास होतोय यात मला शंका नाही. एपीडी, म्हणजे ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर: कान ऐकतो, पण ऐकलेलं मेंदूत नीट उलगडत नाही. पण त्रास त्यामुळेच होतोय हे या अहवालावरून कळत नाही. मी ऑडिओलॉजिस्ट आहे आणि असे अहवाल घेऊन येणारे पालक मला दर महिन्याला भेटतात.

आधी त्या ६२.५ कडे बघू. या चाचणीत दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे येतात. उजव्यात 'टू, नाइन', त्याच क्षणी डाव्यात 'फाइव्ह, एट', आणि मुलाने चारही परत सांगायचे. सहसा असे २० संच असतात, म्हणजे प्रत्येक कानाला ४० आकडे आणि एका आकड्याला अडीच टक्के. ६२.५ म्हणजे २५ बरोबर, ६५ म्हणजे २६. तुमचा मुलगा एका आकड्याने नापास झालाय. त्या क्षणी दाराबाहेर कुणाचा मोबाइल वाजला असेल तरी एवढा फरक पडतो.

डावा कान मागे असणं या वयात अपेक्षितच आहे. डाव्या कानातलं बोलणं आधी मेंदूच्या उजव्या बाजूला जातं आणि तिथून भाषेच्या डाव्या बाजूला येतं. मधला हा पूल अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत पक्का होत राहतो. म्हणून वयानुसार मर्यादा वेगळी धरतात, आणि सात वर्षांखालच्या मुलांवर या चाचण्या करून निदान देऊ नये असं म्हणतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या चाचणीत फक्त ऐकायचं नसतं. चार आकडे लक्षात ठेवायचे, तेही इंग्रजीत, आणि वीस वेळा लक्ष टिकवायचं. घरी एक करून बघा. पंखा बंद करून, समोर बसून, सेकंदाला एक या गतीने मराठीत आकडे सांगा: आधी तीन, मग चार, मग पाच. दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत. मराठीत पाच जमले आणि इंग्रजीत तीनच, तर भाषेचा भाग मोठा आहे. दोन्हीकडे तीनवरच अडकला, तर डायकॉटिकमधले चार आकडे त्याला शांत खोलीत एकेक करून सांगितले तरी राहिले नसते, मग दोष कानाच्या वाटेवर कसा टाकायचा? ही काही निदानाची चाचणी नाही, पुढे कुठे जायचं त्याचा अंदाज येतो एवढंच.

एपीडी या लेबलावर आमच्या क्षेत्रातच एकमत नाही. ऑस्ट्रेलियात १५० मुलांचे निकाल नऊ वेगवेगळ्या प्रचलित निकषांनी तपासले (२०१३), तर एका निकषाने ७.३ टक्के मुलांना एपीडी निघाला आणि दुसऱ्याने ९६ टक्के! मुलं तीच, निकाल तेच. ब्रिटनमध्ये ६ ते ११ वयाच्या सुमारे दीड हजार मुलांवर अभ्यास झाला (२०१०). त्यात पालक सांगतात त्या तक्रारींचा संबंध आवाज ओळखण्याच्या क्षमतेपेक्षा लक्ष आणि आकलन यांच्याशी जास्त दिसला. म्हणजे एपीडी हे थोतांड आहे असं नाही. डोक्याला मार, अपस्मार किंवा वारंवार कानात पाणी साचण्याचा इतिहास असलेल्या काही मुलांत खरोखर ऐकण्याच्या वाटेतच अडचण सापडते. पण तिथपर्यंत पोचायला बाकीचं आधी वगळावं लागतं.

वगळायची सुरुवात कानापासून. 'नॉर्मल' म्हणजे किती, ते ऑडिओग्रामवर बघा. बऱ्याच ठिकाणी मोठ्यांची २५ डेसिबलची रेघ लहानांनाही लावतात. मुलांसाठी १५ धरावी. मग इम्पिडन्स टेस्ट, म्हणजे पडद्यामागची स्थिती बघणारी तपासणी, आणि तीही मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आकसतो का हे दाखवणाऱ्या रिफ्लेक्ससकट. पडद्यामागे पाणी साचलं की ऐकणं महिन्यातून चार दिवस बरं, दहा दिवस मंद असं चालतं, आणि तपासणी नेमकी बऱ्या दिवशी होते. सर्दीत 'काय? काय?' वाढतं का, आठवून बघा.

रिफ्लेक्स मी मुद्दाम म्हणते. काही वर्षांपूर्वी एक नऊ वर्षांची मुलगी एपीडीचं लेबल घेऊनच आली. ऑडिओग्राम जवळजवळ नॉर्मल, ओएई, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद, दोन्ही कानांत छान. पण रिफ्लेक्स एकही नाही, आणि शांत खोलीतसुद्धा शब्द निम्मेच कळत होते. बेरा, म्हणजे नसेतून मेंदूकडे जाणाऱ्या लहरींची चाचणी, केली तर लहरीच नाहीत. जन्मानंतर कावीळ इतकी वाढली होती की रक्त बदलावं लागलं होतं, ते आईने तेव्हा सांगितलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं. ती ऑडिटरी न्यूरोपथी होती: कानाचा आतला भाग काम करतो, नसेतून संदेश विस्कळीत जातो. तिचा मार्ग पूर्ण वेगळा, आणि हेडफोनच्या सत्रांत तिची दोन वर्षं गेली होती. तुमच्या मुलाच्या बाबतीत ही शक्यता कमी आहे. तरी रिफ्लेक्स आले नाहीत तर बेरा टाळू नका.

कान नीट निघाले तर पुढे भाषा (मराठीही आणि इंग्रजीही), वाचन आणि लक्ष यांची तपासणी. स्पीच थेरपिस्ट आणि बालमानसतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, दोघेही लागतील. शाळेत पुढे सवलतीची गरज पडली तरी हाच रस्ता उपयोगी आहे, कारण २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एपीडी असा वेगळा प्रकार नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एपीडीच्या चाचण्या त्यानंतर करा, सकाळी, झोप झालेली असताना, दोन वेगळ्या दिवशी. कोणत्या भाषेतल्या आहेत आणि मर्यादा कुठल्या मुलांवरून काढल्या, हे स्पष्ट विचारा. 'सॉफ्टवेअरमध्येच येतात हो' असं उत्तर आलं तर उठा.

तोवर वर्ग बघा. पन्नास मुलं, चार पंखे, उघड्या खिडकीतून रस्ता. शिक्षकांचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावा असं मानतात. आपल्याकडे शेवटच्या बाकावर तो जेमतेम वर असतो. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता मुलांमध्ये किशोरवयापर्यंत वाढत असते, त्यामुळे मोठ्यांना जे चालतं ते त्यांना चालत नाही. त्याला दुसऱ्या बाकावर, पंखा आणि दारापासून लांब बसवायला सांगा. सूचना एका वेळी एकच, आणि फळ्यावर लिहून. तीन आठवडे फक्त एवढंच बदला आणि रोज वहीत नोंदवा: गृहपाठ पूर्ण उतरवला की नाही. त्याने स्पष्ट फरक पडला तर शिक्षकांच्या गळ्यातला माइक आणि मुलाच्या कानाशी रिसीव्हर ही व्यवस्था विचारात घेता येईल, पण ती आधी काही दिवस वापरून बघायला मागा.

आणि त्या पॅकेजबद्दल: हेडफोनमधून काही सूर गाळलेलं संगीत ऐकवण्याच्या पद्धतींना पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या स्पीच-हिअरिंग संघटनेने २००४ मध्येच म्हटलंय. आकड्यांचे खेळ करून घेणाऱ्या सत्रांत मुलं त्या खेळात सुधारतात, पुढच्या चाचणीत गुणही वाढतात. वर्गात उतरतं का, हा प्रश्न राहतोच. ४० सत्रांनंतर नेमकं काय बदललेलं दिसेल, ते लेखी मागून बघा.

इम्पिडन्सचा कागद मिळाला की नाव झाकून इथे टाका, बघून सांगते.