समुद्राजवळच्या घरात एसीच्या आउटडोअर कॉइलला कोटिंग करावं का?

प्रश्न: घर समुद्रापासून दीडशे मीटरवर आहे. आउटडोअर युनिट छप्पर असलेल्या बाल्कनीत आहे, पावसात भिजत नाही. तरी दोनच वर्षांत मागच्या जाळीवर पांढरी पूड आली आणि खालच्या बाजूच्या फिन्स बोटानं चुरा होतात. मेकॅनिक म्हणतो स्प्रे कोटिंग करून घ्या. उपयोग होईल का, की धुणं पुरेसं आहे?

उत्तर:

कॉइल म्हणजे मागची जाळी: गॅसची नळी आणि तिच्यावर बसवलेले पातळ पत्रे, म्हणजे फिन्स. आधी फिन्स नळीला घट्ट आहेत का ते बघा. कोटिंगचा निर्णय त्यावरच ठरतो.

मेन स्विच बंद करा. मागच्या बाजूला वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी एकेक फिन नखानं हलकेच बाजूला दाबा. चांगली फिन वाकते, पण नळीशी जिथे जोडलेली असते तिथून हलत नाही. खराब झालेली नळीभोवती सैल फिरते किंवा तिथेच तुटते.

हे नळीपाशीच का होतं? नळी तांब्याची, फिन ॲल्युमिनियमची. दोन्ही एकमेकांना टेकलेल्या असताना मध्ये खारट ओल आली की बारीक विद्युत प्रवाह सुरू होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि तांबं सुरक्षित राहतं. पांढरी पूड म्हणजे हेच झिजलेलं ॲल्युमिनियम. फिनच्या बाहेरच्या कडेला पूड दिसली तर नुकसान वरवरचं असू शकतं. आत नळीच्या भोवती दिसली तर मात्र उष्णता नळीतून फिनमध्ये जाण्याचा रस्ताच तुटत चालला आहे. जाळी जागेवर दिसते, पण काम करत नाही. मग गॅसचं प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढतो आणि भर दुपारी ट्रिप होतो. क्लॅम्प मीटरनं चालू युनिटचे अँपिअर मोजून नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघता येतात. कॉइल स्वच्छ असूनही आकडा वर असेल, तर फिन्स सुटल्याची शंका घ्या.

तुमची बाल्कनी छपराखाली आहे, आणि माझ्या मते अर्धं कारण तिथेच आहे. मोकळ्यावरच्या युनिटचं मीठ पाऊस धुऊन नेतो, तुमच्याकडे ते साचतच राहतं. साधं मीठ हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता असली की स्वतः पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओल धरून ठेवतात. म्हणजे जाळी हाताला कोरडी लागली तरी आत झीज चालू असते. एसी बंद असलेल्या महिन्यांत कॉइल तापत नाही, त्यामुळे ती अधिक वेळ ओली राहते. युनिटला प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते.

धुण्याची पद्धत

मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे नियमित धुण्यासाठी साधं गोडं पाणीच पुरेसं आहे. बोअरचं मचूळ पाणी मात्र वापरू नका, ते मीठ पुन्हा बसवतं. दीडशे मीटरवर, छपराखाली, मी दर पंधरा दिवसांनी धुवायला सांगेन. जोराच्या वाऱ्याच्या दिवसांत आठवड्यानं धुवा. एसी वापरात नसला तरी हे थांबवू नका.

एमसीबी बंद करा. पंखा हवा मागून आणि बाजूने आत ओढतो, म्हणून मीठ मागच्या आणि बाजूच्या तोंडावर जास्त बसतं. बागेच्या नळीला मऊ फवारा लावून तिथे वरून खाली सावकाश पाणी सोडा. फवारा फिन्सच्या रेषेत धरा, तिरका नको. प्रेशर वॉशरनं फिन्स आडव्या होतात आणि हवेचा रस्ता बंद होतो. मेकॅनिक येईल तेव्हा वरचं झाकण काढून, विजेची पेटी झाकून, आतून बाहेर धुवून घ्या. आतली धूळ त्यानंच सुटते.

किती वेळ धुवायचं याचा अंदाज बांधण्यापेक्षा पाण्याचा टीडीएस मीटर वापरा. नळाचं पाणी आधी मोजा. समजा ते १५० आलं आणि कॉइलखालून गळणारं पहिलं पाणी १२०० आलं, तर तेवढा क्षार सुटतो आहे. गळणारं पाणी २०० च्या आसपास येईपर्यंत धुवा. शेवटी तळपत्र्याची पाणी जाण्याची भोकं मोकळी आहेत ना बघा, कारण तिथे साचलेल्या खारट पाण्यानंच खालच्या फिन्स आधी जातात. तुमच्याकडे चुरा खालीच होतो आहे, म्हणून ही भोकं आजच तपासा. धुतल्यावर अर्धा तास थांबा आणि मग एसी वीसेक मिनिटं कूलिंगवर चालवा. कॉइल गरम होऊन आतपर्यंत वाळते.

चिकट काळी धूळ असेल तर कॉइलसाठीचा न्यूट्रल पीएचचा क्लीनर वापरा. आम्लाचा किंवा कॉस्टिकचा नको. त्यानं कॉइल लगेच चकचकीत दिसते, कारण ॲल्युमिनियमचा वरचा थर निघालेला असतो. घरातलं ब्लीचही नको.

कोटिंग कधी करावं

कॉइलचा निळा किंवा सोनेरी रंग म्हणजे पत्र्यावर आधीच दिलेला अतिशय पातळ थर. पत्रा त्यानंतर कापतात आणि भोकं पाडतात, त्यामुळे कापलेल्या कडा उघड्याच राहतात. समुद्रालगत त्याच्यावर विसंबू नये. खरं संरक्षण तयार कॉइल बुडवून दिलेल्या इपॉक्सी इ-कोटचं. ते साधारण १५ ते ३० मायक्रॉन जाड असतं आणि कडांसकट आत नळीपर्यंत पोहोचतं. पण ते कारखान्यातच होतं.

जागेवरचा स्प्रे बाहेरच्या कडा चांगल्या झाकतो, आतल्या ओळींपर्यंत नीट पोहोचत नाही. मीठ बसलेल्या कॉइलवर मारला तर मीठ त्याच्याखालीच अडकतं आणि झीज न दिसता चालू राहते. म्हणून स्प्रेपूर्वी न्यूट्रल क्लीनर, गोडं पाणी, टीडीएसची खात्री आणि कोरड्या हवेत पूर्ण दिवस वाळवणं, हे सगळं व्हायला हवं. मेकॅनिक तासाभरात उरकतो म्हणाला तर करू नका.

थर पातळच हवा. फिन्समधली फट साधारण दीड मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंनी २५ मायक्रॉन थर आला तर त्यातले ०.०५ मिलिमीटर जातात, ते चालतं. २०० मायक्रॉनचा जाड लेप मात्र फटीचा पाव भाग खातो. वाळल्यावर आतून टॉर्च मारा. जिथे उजेड आरपार येत नाही, तिथे फटी बुजल्या आहेत. पंख्याची मोटर, विजेची पेटी, व्हॉल्व्ह आणि कॉइलवरचा सेन्सर आधी झाकायला सांगा. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीकडून लेखी परवानगी घ्या.

तुमच्या बाबतीत: चुरा फक्त खालच्या चार बोटांत असेल आणि वरच्या फिन्स घट्ट असतील, तर सुटलेला चुरा काढून, नीट धुऊन-वाळवून वरच्या भागावर स्प्रे मारण्यात अर्थ आहे. गेलेल्या फिन्स त्यानं परत येणार नाहीत. पाव किंवा त्याहून जास्त फिन्स नळीवर सैल असतील तर कोटिंगवर पैसे घालू नका. धुणं चालू ठेवून कॉइल चालते तोवर चालवा. यू-बेंडपाशी, म्हणजे कॉइलच्या टोकाला नळी वळते तिथे, तेलकट डाग दिसला तर गॅस गळतीची तपासणी करून घ्या.

नवीन कॉइल किंवा युनिट घ्याल तेव्हा इ-कोट केलेली कॉइल मागा आणि भिंतीपासून कंपनीनं सांगितलेलं अंतर ठेवा, म्हणजे नळीचा फवारा मागे पोहोचेल. सॉल्ट स्प्रे टेस्टमध्ये खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात कोटिंग किती तास टिकतं ते बघतात, त्या तासांवरून आयुष्याची वर्षं काढू नका. ती चाचणी दोन कोटिंगांची तुलना करण्यापुरतीच आहे.